ब्याऐंशी टक्के समाधानी, म्हणजे नक्की किती?

समजा, महाबळेश्वरच्या एका साठ खोल्यांच्या हॉटेलात महिन्याला साधारण ६०० बिलं फाटतात. खोली सोडताना काउंटरवर अभिप्रायाचा फॉर्म ठेवलेला असतो आणि महिन्याकाठी त्यातले शंभर भरून येतात. एप्रिलमध्ये शंभरांपैकी ८२ जणांनी ‘समाधानी’वर खूण केली, मे महिन्यात ७६ जणांनी. मालक बैठक बोलावतात, हाउसकीपिंगच्या सुपरवायझरला जाब विचारला जातो, न्याहारीचा आचारी बदलण्याची भाषा सुरू होते. पण हे सहा टक्के खरोखर घसरले आहेत का, हे आधी कुणी तपासत नाही. ते तपासायला कागद आणि मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर पुरतो.

एप्रिलचे ८२ घ्या. उरलेले असमाधानी १८. दोन्हींचा गुणाकार १४७६. त्याला फॉर्मच्या संख्येने, म्हणजे १०० ने भागा: १४.७६. याचं वर्गमूळ ३.८४. त्याला १.९६ ने गुणा, की साडेसात येतात. हीच ती ‘मार्जिन ऑफ एरर’, चुकीची मर्यादा. म्हणजे एप्रिलचा आकडा ८२ नसून ‘८२, साडेसात इकडे किंवा तिकडे’ असा वाचायचा. साडेचौऱ्याहत्तर ते साडेएकोणनव्वद हा जो पट्टा तयार झाला, तो ‘कॉन्फिडन्स इंटरव्हल’. मात्र हे शंभर फॉर्म चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखे आले आहेत, असं आपण इथे गृहीत धरलं आहे. या गृहीताकडे पुढे यायचंच आहे.

या पट्ट्याला ९५ टक्क्यांचा पट्टा म्हणतात आणि इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. समाधानाचं खरं प्रमाण त्या हॉटेलात त्या काळात जे काही असेल ते ठरलेलं असतं, फक्त आपल्याला ते दिसत नाही. पुन्हा पुन्हा शंभर-शंभर पाहुणे निवडून दर वेळी असा पट्टा काढला, तर साधारण शंभरातले पंच्याण्णव पट्टे त्या खऱ्या आकड्याला पोटात घेतील आणि पाचेक हुकतील. आपल्या हातात त्यातला एकच पट्टा असतो. हुकलेल्या पाचांपैकी तो आहे की नाही, हे त्याच्याकडे बघून कळत नाही. भरवसा आहे तो पद्धतीवर.

आता मे महिन्याचे ७६. चोवीसने गुणले की १८२४. दोन महिन्यांची तुलना करायची तर दोन्ही गुणाकारांची बेरीज करायची, कारण दोन्हीकडचा योगायोग त्या फरकात साठतो: ३३००. शंभराने भागलं की ३३, वर्गमूळ ५.७४, गुणिले १.९६ म्हणजे सव्वाअकरा. फरक सहाचा आणि त्यातली चुकीची मर्यादा सव्वाअकरा! सेवा सतरा टक्क्यांनी घसरली असेल किंवा पाच टक्क्यांनी सुधारलीही असेल. या फॉर्मवरून दोन्ही शक्य आहे. एवढ्यावर आचाऱ्याची नोकरी घालवणं हा उघड अन्याय आहे.

मग किती उत्तरं हवीत? मर्यादा वर्गमुळाच्या चालीने कमी होते. ती निम्मी करायची तर उत्तरं चौपट लागतात. पाच टक्क्यांच्या मर्यादेसाठी पुस्तकात ३८५ हा आकडा सापडतो. पाहुणेच ६०० असतील तर २३५ पुरतात, कारण मोठा हिस्सा विचारूनच झालेला असतो. ही सवलत मात्र जपून घ्यावी. ‘या महिन्यात उतरलेल्या ६०० बिलांपैकी किती खूश होते’ एवढाच प्रश्न असेल तर ती रास्त आहे. ‘आमची सेवा बिघडली का’ हा प्रश्न असेल, तर ते ६०० पाहुणेसुद्धा पुढे येऊ शकणाऱ्या असंख्य पाहुण्यांचा नमुनाच ठरतात आणि सवलत लागू होत नाही. सहा टक्क्यांची खरी घसरण बऱ्यापैकी खात्रीने पकडायला दर महिन्याला सातशेच्या आसपास उत्तरं लागतील. या हॉटेलात तर बिलंच सहाशे! म्हणून एवढ्या आकाराच्या हॉटेलाने महिन्याऐवजी तिमाहीची तुलना करावी.

छोट्या हॉटेलांत उलटा सापळा असतो. वीस फॉर्म आले आणि वीसही समाधानी. वरच्या सूत्रात शंभर गुणिले शून्य घातलं की चुकीची मर्यादा शून्य निघते, आणि हे तर अशक्य आहे. अशा वेळी तीनाला फॉर्मच्या संख्येने भागायचं: तीन भागिले वीस, म्हणजे १५ टक्के. वीसपैकी एकही तक्रार नसली तरी प्रत्यक्षात पंधरा टक्क्यांपर्यंत पाहुणे नाराज असू शकतात.

पण हे सगळं गणित फक्त योगायोगाची चूक मोजतं. फॉर्म कोणाकडून आले, याबद्दल ते गप्प असतं. हा भेद आपल्याकडच्या एका संख्याशास्त्रज्ञाने शेतात दाखवला होता. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनमध्ये शिकले. जर्झी नेमन यांनी १९३०च्या दशकात कॉन्फिडन्स इंटरव्हलची मांडणी केली, त्यांच्याबरोबर सुखात्म्यांनी तिथे काम केलं होतं. पुढे भारतात पीककापणीच्या पाहण्या करताना त्यांच्या लक्षात आलं, की फार छोटा तुकडा आखून कापला तर उत्पन्न जास्त भरतं. कडेवरची रोपं आत धरायची की बाहेर, असा प्रश्न आला की कापणारा ती आत धरतो. तुकडा लहान असला की कडेचा वाटा मोठा असतो. असे आणखी हजार तुकडे कापले तरी ही चूक घटत नाही, फक्त चुकीच्या आकड्याभोवतीचा पट्टा अरुंद होतो.

हॉटेलात ही ‘कड’ रिसेप्शनवर असते. हसत आलेल्या पाहुण्यापुढे फॉर्म सरकवला जातो, गीझरवरून भांडून निघालेल्यापुढे नाही. कधी लग्नाच्या एकाच वऱ्हाडाचे चाळीस फॉर्म येतात. तो अनुभव बराचसा एकच असतो, पण गणित त्याला चाळीस वेगळी मतं धरतं. हे ओळखायचं तर परत आलेल्या फॉर्मची बिलांच्या रजिस्टरशी गाठ घालावी. शनिवार-रविवारचे पाहुणे, कंपनीच्या खर्चाने आलेले, एकाच रात्रीसाठी थांबलेले यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखं आहे का? नसेल, तर पट्टा कितीही अरुंद असो, तो विश्वासाचा नाही.

उपाय महागडा नाही. काउंटरवरचा गठ्ठा उचलून ठेवावा आणि रजिस्टरमधलं दर तिसरं बिल घ्यावं, म्हणजे महिन्याला २०० होतात. एका खोलीला एकच फॉर्म. न भरणाऱ्याला दोन-तीनदा फोन करावा, आणि तो रिसेप्शनवरच्या माणसाने करू नये. समजा, २०० पैकी १६० जणांनी उत्तर दिलं आणि त्यातले १२० समाधानी निघाले. आकडा ७५ टक्के, मर्यादा पावणेसात. गप्प राहिलेले चाळीसही चाळीस नाराज धरले तर निवडलेल्यांतलं समाधान ६० टक्के, सगळे खूश धरले तर ८०. काउंटरच्या शंभर फॉर्मना हीच कसोटी लावा: गप्प राहिलेले पाचशे आहेत, म्हणून एप्रिलचे ते ८२ टक्के प्रत्यक्षात १४ पासून ९७ पर्यंत कुठेही असू शकतात.