कोटी वर्षांत एकदा

१९४४ साली हॉलंडवर जर्मन सैन्याचा ताबा होता. त्या काळात लायडनचे खगोलशास्त्रज्ञ यान ऊर्ट यांच्या हाती ग्रोट रेबर या अमेरिकी रेडिओ अभियंत्याचे लेखन पडले. आकाशगंगेच्या पट्ट्यातून रेडिओ लहरी येतात, हे रेबरने स्वतः बांधलेल्या अँटेनावर नोंदवले होते. ऊर्ट यांना आकाशगंगेची घडण जाणून घ्यायची होती आणि ताऱ्यांमधली धूळ प्रकाश अडवत असल्यामुळे त्यांच्या दुर्बिणी फार दूर पोचत नव्हत्या. रेडिओ लहरींना ही धूळ अडवू शकत नाही. पण रेबरच्या लहरी साऱ्या वारंवारतांवर पसरलेल्या होत्या. वायू आपल्याकडे येतो आहे की दूर जातो आहे आणि किती वेगाने, हे ओळखायला एकाच ठरावीक तरंगलांबीवरची रेषा लागते. अशी एखादी रेषा रेडिओत असू शकते का, हे पाहायला ऊर्ट यांनी हेंड्रिक व्हान डे हुल्स्ट या तरुण विद्यार्थ्याला सांगितले. त्याने हिशेब करून उत्तर दिले: हायड्रोजनकडून, २१ सेंटिमीटरवर, ती मिळू शकेल.

या उत्तरात नवल असे की आंतरतारकीय हायड्रोजन अतिशय थंड असतो. तिथला जवळजवळ प्रत्येक अणू आपल्या सर्वांत खालच्या ऊर्जापातळीवर, म्हणजे मूळ अवस्थेत असतो. इलेक्ट्रॉनला तिथून पुढच्या कक्षेत न्यायला १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा लागते आणि थंड वायूतल्या टकरींमध्ये तेवढा जोर नसतो. तळाला बसलेल्या अणूने ऊर्जा टाकायची तरी कुठून?

तर हा तळच एकसंध नाही. त्याच्या दोन अगदी जवळजवळच्या पायऱ्या आहेत. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन या दोघांनाही स्पिन असतो आणि त्यामुळे दोघेही चिमुकल्या चुंबकांसारखे वागतात. प्रोटॉनचा चुंबक इलेक्ट्रॉनच्या सुमारे ६५८ पट दुबळा असतो. दोघांचे स्पिन एकाच दिशेने असतील तर अणूची ऊर्जा किंचित जास्त, विरुद्ध दिशांना असतील तर किंचित कमी. मूळ अवस्थेच्या या दुभंगण्यालाच अतिसूक्ष्म विभाजन म्हणतात.

इथे बऱ्याच पुस्तकांत शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पट्टीचुंबकांचे चित्र असते. ते चित्र मनाला पटते, पण त्यातून उत्तर उलटे येते. शेजारी ठेवलेल्या चुंबकांना परस्परविरुद्ध राहणे सोयीचे असते. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार ऋण असल्यामुळे त्याच्या चुंबकाची दिशा त्याच्या स्पिनच्या उलट असते. म्हणजे स्पिन एकाच दिशेने असताना चुंबक परस्परविरुद्ध असतात आणि चित्राप्रमाणे हीच कमी ऊर्जेची स्थिती ठरायला हवी. प्रत्यक्षात ती जास्त ऊर्जेची आहे.

याचे कारण असे की मूळ अवस्थेतला इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या एका बाजूला बसलेला नसतो. प्रोटॉनभोवती सर्व दिशांना सारखा पसरलेला तो एक गोल ढग असतो. प्रोटॉनच्या बाहेर, ध्रुवांच्या बाजूला प्रोटॉनच्या चुंबकीय क्षेत्राचा परिणाम एक प्रकारचा आणि विषुववृत्ताच्या बाजूला उलट प्रकारचा असतो. गोलाकार ढगावर सगळी बेरीज केली की ती बरोबर शून्य होते. उरतो तो प्रोटॉनच्या आतला भाग. हायड्रोजनच्या मूळ अवस्थेचे वैशिष्ट्य हेच की इलेक्ट्रॉन थेट प्रोटॉनच्या जागीच सापडण्याचीही थोडीशी शक्यता असते. आतले क्षेत्र प्रोटॉनच्या चुंबकाच्याच दिशेने असते, त्यामुळे दोन चुंबक एकाच दिशेने असणे, म्हणजेच स्पिन विरुद्ध असणे, कमी ऊर्जेचे ठरते. एन्रिको फर्मी यांनी १९३० मध्ये या संपर्कातून होणाऱ्या परिणामाचे सूत्र मांडले. एक चुंबक दुबळा आणि त्यात ही भेट इतकी क्वचित, म्हणून दोन पायऱ्यांमधले अंतर फार लहान असते.

किती लहान, हे तरंगलांबीवरूनच काढता येते. वर म्हटलेली १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टची उडी उलटी मारली तर हायड्रोजन १२१.६ नॅनोमीटरचा अतिनील किरण सोडतो. अतिसूक्ष्म विभाजनाची ऊर्जा या उडीच्या सुमारे १७ लाख ३६ हजाराव्या भागाइतकी आहे. ऊर्जा जितक्या पटीने कमी, तितक्याच पटीने तरंगलांबी जास्त. १२१.६ नॅनोमीटरला या आकड्याने गुणले की २१.१ सेंटिमीटर येतात. वारंवारतेच्या भाषेत ही १४२०.४ मेगाहर्ट्‌झची रेषा. चुंबकांच्या या दुबळ्या नात्यामुळेच अतिनीलातला अणू रेडिओच्या पट्ट्यात येऊन बोलतो.

पण तो बोलतो फारच क्वचित. वरच्या पायरीवरचा एखादा अणू एकटा सोडून दिला तर आपणहून खाली यायला त्याला सरासरी १ कोटी १० लाख वर्षे लागतात. तुलनेला, १२१.६ नॅनोमीटरची अतिनील उडी १.६ नॅनोसेकंदांत होऊन जाते. एवढा फरक पडतो तो दोन कारणांनी. उत्सर्जनाचा वेग वारंवारतेच्या घनाप्रमाणे घटतो, त्यामुळे १७ लाख पट कमी वारंवारतेचा घन घेतल्यावर नॅनोसेकंदांची सुमारे २७० वर्षे होतात. शिवाय अतिनील उडीत विद्युतभार हलतो, तर इथे नुसता चुंबक फिरतो. चुंबकाचे फिरणे लहरी सोडण्याच्या कामी फार कमकुवत असते, आणि त्यापायी आणखी सुमारे ४० हजार पटींची दिरंगाई होते.

इतक्या मंद घटनेची वाट बघायची कुणी? एकाच अणूकडे पाहत बसलो तर खरोखरच काही हाती लागणार नाही. पण अवकाशात अंतरे प्रचंड आहेत. आकाशात एक चौरस सेंटिमीटर जाडीचा आणि हजार प्रकाशवर्षे लांबीचा खांब कल्पनेत उभा करा. त्यात दर घन सेंटिमीटरला हायड्रोजनचा फक्त एक अणू आहे, म्हणजे पृथ्वीवरच्या उत्तमातल्या उत्तम निर्वात पोकळीपेक्षाही विरळ वायू. तरीही त्या खांबात सुमारे १ वर २१ शून्ये इतके अणू होतात. त्यांतले तीन चतुर्थांश वरच्या पायरीवर धरले, तर तो अरुंद खांब सर्व दिशांना मिळून सेकंदाला २० लाखांवर फोटॉन सोडतो. दुर्बिणीला आकाशाच्या एका तुकड्यात असे अगणित खांब एकदम दिसतात.

तीन चतुर्थांश कशावरून? वायू अणूंना खाली येऊ देऊन रिकामा का होत नाही? कारण अणू एकमेकांवर आदळत असतात. दर घन सेंटिमीटरला एक अणू इतक्या विरळ वायूतही काही शतकांत एखादी टक्कर अशी होते की दोन अणूंच्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन अदलाबदल होतात. काही शतके म्हणजे कोटी वर्षांपुढे काहीच नाही. त्यामुळे कोण कुठल्या पायरीवर असेल, हे टकरीच ठरवतात. दोन पायऱ्यांमधल्या फरकाची ऊर्जा तापमानात मांडली तर जेमतेम ०.०७ केल्विन भरते आणि अवकाशातले थंड ढगही १०० केल्विनच्या आसपास असतात. या टकरींना ती पायरी जाणवतसुद्धा नाही. क्वांटम नियमांप्रमाणे वरच्या पायरीवर तीन अवस्था आहेत आणि खालच्या पायरीवर एक, म्हणून अणूही तीनास एक असे विभागले जातात. अतिनील उडीसाठी तापलेला वायू लागतो, या उडीला थंड वायूही पुरतो. मला या रेषेची खरी ताकद इथेच वाटते: तिचा दुबळेपणाच तिला अंधाऱ्या, थंड हायड्रोजनची खबर आणू देतो. फक्त हायड्रोजन अणुरूपात हवा. दोन अणू जोडून रेणू झाला, किंवा इलेक्ट्रॉनच निघून गेला, तर ही रेषा नाही.

ती पहिल्यांदा ऐकू आली २५ मार्च १९५१ रोजी. हार्वर्डच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेच्या खिडकीतून हॅरोल्ड युएन यांनी प्लायवूडचा, आतून तांब्याचा पत्रा लावलेला कर्ण्यासारखा अँटेना बाहेर काढला होता. त्यांचे मार्गदर्शक होते एडवर्ड पर्सेल. हा चौकोनी कर्णा पावसाचे पाणी गोळा करी आणि विद्यार्थी त्यात बर्फाचे गोळे फेकत. अवघड गोष्ट होती ती रिसीव्हरची. त्याचा स्वतःचा खरखराट आकाशातल्या रेषेपेक्षा कितीतरी मोठा होता. युएन यांनी रिसीव्हर एकदा रेषेच्या वारंवारतेवर आणि लगेच शेजारच्या रिकाम्या वारंवारतेवर असा झरझर बदलता ठेवला. खरखराट दोन्हीकडे सारखाच असतो, तो वजाबाकीत जातो आणि रेषा तेवढी उरते. हॉलंडमध्ये मागे राहिलेल्या जर्मन रडारच्या अँटेनावर ऊर्ट आणि लेक्स म्युलर हेच शोधत होते. मधेच आगीत त्यांची यंत्रणा जळाली होती. ११ मे १९५१ ला त्यांनाही रेषा मिळाली.

रेषा मिळाली म्हणजे ती आकाशातलीच कशावरून? पृथ्वीवरचा एखादा ट्रान्समीटरही तिथे बोलत असू शकतो. ओळखायच्या दोन चांगल्या कसोट्या आहेत. खरी रेषा ताऱ्यांच्या घड्याळाने चालते, म्हणजे आकाशातला तोच भाग रोज सुमारे चार मिनिटे आधी अँटेनासमोर येतो. आणि पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरत असल्यामुळे रेषा वर्षभरात पुढेमागे सरकते. दर सेकंदाला एक किलोमीटर वेगामागे ही वारंवारता सुमारे ४.७ किलोहर्ट्‌झने ढळते, म्हणून पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीतल्या एखाद्या स्रोताची रेषा वर्षात मध्यापासून सुमारे १४० किलोहर्ट्‌झ इकडे आणि तेवढीच तिकडे जाते. जमिनीवरचा ट्रान्समीटर यातले काहीच करत नाही. वायूचा वेग मोजायचा तो याच ढळण्यावरून, आणि ऊर्ट यांना हवी होती ती मोजपट्टी हीच.

१४०० ते १४२७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा जगभर खगोलशास्त्रासाठी राखून ठेवलेला आहे. अडचण येते ती दूरच्या दीर्घिकांची. विश्वाच्या प्रसरणाने त्यांच्या लहरी ताणल्या जातात आणि रेषा या संरक्षित पट्ट्याबाहेर, दूरदर्शन आणि मोबाइलच्या गर्दीत येऊन पडते. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जागा निवडताना असा रेडिओ गोंगाट कमी असणे हा महत्त्वाचा विचार होता. याच दुर्बिणीने टिपलेल्या एका दीर्घिकेविषयी अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी लिहिले. तिच्याकडून लहर निघाली तेव्हा ती २१ सेंटिमीटरचीच होती. ८८० कोटी वर्षांच्या प्रवासात ताणली जाऊन ती खोडदला पोचली तेव्हा सुमारे ४८ सेंटिमीटरची झाली होती, वारंवारता ६२० मेगाहर्ट्‌झच्या आसपास. एवढ्या अंतरावरची रेषा एरवी दिसली नसती. वाटेत असलेल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम करून ती सुमारे ३० पट उजळली. रेषा किती ताणली गेली असेल हे प्रकाशीय निरीक्षणांवरून आधीच माहीत होते, म्हणून नेमक्या कोणत्या वारंवारतेवर कान लावायचा हे ठरवता आले.