रिव्ह्यू त्याच तिघांकडे का जातात?

सॉफ्टवेअर कंपनीत एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जात नाही. लिहिणारा आपला बदल ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणून मांडतो, दुसरा सहकारी तो ओळीओळीने वाचतो, शंका विचारतो, चुका दाखवतो आणि समाधान झालं की मंजुरी देतो. याला कोड रिव्ह्यू म्हणतात. पुण्यातल्या हिंजवडी-खराडीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, दिवसातला बराच वेळ या वाचनात जातो. गूगलमधल्या रिव्ह्यूंवर २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथला मधला म्हणता येईल असा अभियंता आठवड्याला साधारण चार बदल तपासतो आणि या कामात आठवड्याला सरासरी ३.२ तास जातात, असं त्यात आढळलं.

कोणता बदल कुणी तपासायचा, हे पूर्वी लिहिणाराच ठरवायचा आणि साहजिकच ओळखीच्या, पटकन उत्तर देणाऱ्या माणसाकडे जायचा. हा पक्षपात टाळावा म्हणून अनेक टीम ही निवड यंत्रणेवर सोपवतात. गिटहबवर त्याची सोय टीमच्या सेटिंगमध्येच आहे. तरी काही महिन्यांनी तक्रार ऐकू येते ती तीच: निवड आपोआप होते, पण नावं त्याच दोघा-तिघांची येतात. त्यांचा स्वतःचा कोड मागे पडतो, संध्याकाळी घरी जायला उशीर होतो आणि बाकीच्यांना वाटतं, आपल्याकडे कुणी काही मागतच नाही.

अशा वेळी पहिला संशय निवडीच्या पद्धतीवर जातो. गिटहबवर दोन पद्धती आहेत. `Round robin` पाळीपाळीने नाव काढते. ज्याला शेवटची विनंती सर्वांत आधी आली होती, त्याची पाळी पुढची, मग त्याच्या टेबलावर आधीचं कितीही काम पडलेलं असो. `Load balance` मात्र अलीकडे कुणाला एकूण किती विनंत्या गेल्या आणि कुणाच्या किती अजून बाकी आहेत, हे पाहते. कोणत्याही ३० दिवसांत टीममधल्या प्रत्येकाकडे सारखेच रिव्ह्यू जावेत, हे तिचं उद्दिष्ट. टीम लीड बहुधा पहिली पद्धत बदलून दुसरी लावतात आणि आता सगळं सुरळीत होईल म्हणून वाट पाहतात. सहसा होत नाही. कारण या दोन्ही पद्धती त्यांच्यापुढे ठेवलेल्या यादीतूनच नाव काढतात, आणि यादी कुणाची, हे ठरतं दुसऱ्याच ठिकाणी.

ते ठिकाण म्हणजे `CODEOWNERS` नावाची एक साधी मजकुराची फाइल. कोणत्या फोल्डरची जबाबदारी कुणाची, हे तिच्यात लिहिलेलं असतं. त्या फोल्डरला हात लावणारा बदल आला की तिथे नाव असलेल्या माणसाला किंवा टीमला आपोआप विनंती जाते. एक टीम उदाहरणादाखल घेऊ. बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळणारे आठ जण आहेत. त्यांतले तिघे जुने. पैशांच्या व्यवहाराचा भाग त्यांनीच उभारला, म्हणून त्यांची वेगळी छोटी टीम केलेली आहे. फाइल अशी:

```
*            @org/billing
/payments/   @org/payments-core
/db/         @org/payments-core
```

या फाइलचा एक नियम नीट समजून घ्यायला हवा. एखाद्या फाइलला दोन ओळी लागू पडत असतील तर खालची ओळ चालते, वरची नाही. म्हणजे `/payments/` मधल्या बदलासाठी आठ जणांची टीम विचारातच घेतली जात नाही, फक्त ते तिघे.

आता हिशेब मांडू. महिन्याला १५० बदल येतात असं धरा आणि प्रत्येकाला एक तपासणारा लागतो. बिलिंगच्या कामात बहुतेक गोष्टी शेवटी पैशांपाशी किंवा डेटाबेसपाशी येतात, म्हणून त्यांतले १०५ या दोन फोल्डरांना हात लावतात. ते तिघांत वाटले की प्रत्येकी ३५. उरले ४५. समजा, यंत्रणेने शहाणपणाची कमाल केली आणि या ४५ पैकी एकही त्या तिघांना दिला नाही. मग उरलेल्या पाच जणांकडे प्रत्येकी ९ आले. म्हणजे वाटप शक्य तितकं न्याय्य झालं तरी ३५ आणि ९! तिघांना आठवड्याला आठ-नऊ रिव्ह्यू, गूगलच्या त्या मधल्या आकड्याच्या दुपटीहून जास्त. कोणतीही पद्धत लावा, हा फरक हलत नाही, कारण तो निवडीत नसून त्या तीन ओळींत आहे. फाइलमध्ये टीमऐवजी थेट एका व्यक्तीचं नाव लिहिलेलं असेल तर पाळीचा प्रश्नच उरत नाही. प्रत्येक विनंती तिच्याकडेच जाते.

म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी गेल्या काही आठवड्यांत प्रत्यक्ष रिव्ह्यू कुणी केले, ते मोजा. गिटहबची `gh` आज्ञावली असेल तर एवढं पुरतं:

```
gh pr list --state merged --limit 200 --json reviews \
  --jq '.[] | [.reviews[].author.login] | unique | .[]' \
  | sort | uniq -c | sort -rn
```

शेवटच्या दोनशे मंजूर होऊन मिसळलेल्या बदलांपैकी किती बदलांवर कुणाचा रिव्ह्यू आहे, हे उतरत्या क्रमाने दिसतं. आपल्याच बदलाखाली कुणी उत्तरादाखल टिप्पणी केली असेल तर तीही यात मोजली जाते, तेवढं ध्यानात ठेवून आकडा वाचावा. मग दुसरा प्रश्न: विनंती कुणाला गेली होती आणि रिव्ह्यू केला कुणी? अनेक टीममध्ये यंत्रणा नवख्याचं नाव काढते, पण लिहिणारा चॅटवर जुन्या सहकाऱ्याला गाठून “जरा बघतेस का?” म्हणतो आणि मंजुरी तिथून मिळवतो. यंत्रणेच्या नोंदीत वाटप समान दिसतं, काम मात्र तिथेच जातं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की प्रश्न यादीचा आहे की सवयीचा, ते कळतं.

काही टीम स्वतःच्या बॉटकडून निवड करतात आणि ज्याच्याकडे सर्वांत कमी रिव्ह्यू बाकी आहेत त्याला पुढचा देतात. ऐकायला हे रास्त वाटतं. प्रत्यक्षात पंगतीत ज्याची बादली आधी रिकामी होते त्याच्याच हाती पुन्हा भरलेली बादली यावी, तसं होतं. जी दिवसभरात चार रिव्ह्यू संपवते तिची रांग नेहमी मोकळी, म्हणून तिलाच आणखी मिळतात. ज्याच्याकडे तीन रिव्ह्यू आठवडाभर तसेच पडलेत त्याला सूट मिळते. तत्परतेची ही शिक्षा मला फार अन्यायाची वाटते. बाकी कामाबरोबर मागच्या महिन्याचं एकूण कामही मोजलं तर ती टळते.

पण महिन्याच्या मोजणीलाही तिचा कोपरा आहे. दिवाळीला गावी जाऊन दोन आठवड्यांनी परतलेल्या माणसाचा ३० दिवसांचा आकडा बाकीच्यांपेक्षा कमी असतो. तो भरून काढायला `Load balance` त्याच्याकडे झुकू लागते. नव्याने रुजू झालेल्याचंही तसंच. गिटहबवर स्वतःची स्थिती `Busy` ठेवली की त्या काळात निवड होत नाही आणि ठरावीक सदस्यांना निवडीतून वगळण्याची सोयही आहे. परतल्यावर पहिले दोन-तीन दिवस `Busy` राहणं यात काही गैर नाही. मात्र काही जण ती स्थिती लावून विसरतात, तेव्हा टीम लीडने महिन्यातून एकदा त्यावर नजर टाकावी.

आता उदाहरणातल्या आठ जणांकडे परत येऊ. उपाय यादी रुंद करण्याचा आहे, पण सरसकट नव्हे. पेमेंटच्या फोल्डरमधला प्रत्येक बदल सारखा धोक्याचा नसतो. पावतीचा मजकूर बदलणं वेगळं आणि खातेवहीत रकमा वजा करणारा कोड बदलणं वेगळं. डेटाबेसचंही तेच. चालू डेटाची रचना बदलणाऱ्या मायग्रेशन जपून पाहाव्या लागतात, बाकीचं आठांतलं कुणीही वाचू शकतं. म्हणून जुन्या तिघांचा हक्क नेमक्या जागांपुरता ठेवायचा:

```
*                    @org/billing
/payments/ledger/    @org/payments-core
/db/migrations/      @org/payments-core
```

समजा, १५० पैकी ३० बदल या दोन जागांना लागतात. तिघांकडे प्रत्येकी १० आले. उरलेले १२० आठांत वाटले की प्रत्येकी १५. म्हणजे तिघांकडे २५ आणि बाकीच्यांकडे १५. पूर्ण समानता नाही, पण ३५ आणि ९ यांच्यापेक्षा कितीतरी बरं. शिवाय जाणकारांची नजर अजूनही धोक्याच्या जागी आहेच.

अवघड भाग इथून सुरू होतो. ज्या पाच जणांनी पेमेंटचा कोड कधी वाचला नाही, त्यांच्याकडे उद्यापासून रिव्ह्यू गेले तर काय होईल? ते घाबरून जुन्यांना विचारतील, किंवा त्याहून वाईट, न समजता मंजुरी देतील. हे ओळखू येतं. पाचशे ओळींच्या बदलावर पाच मिनिटांत एकही प्रश्न न विचारता मंजुरी आली, तर वाचन झालेलं नाही. म्हणून पहिले काही आठवडे या भागासाठी दोन जण नेमावेत. नवख्याने आधी वाचून टिप्पण्या लिहायच्या, जुन्याने नंतर फक्त सुटलेलं दाखवायचं. या काळात तिघांचा भार कमी होत नाही, उलट किंचित वाढतो. ही किंमत आधीच मान्य करावी लागते, नाहीतर पंधरा दिवसांत “पूर्वीचंच बरं होतं” म्हणून सगळे मागे फिरतात.

कॉन्कॉर्डिया विद्यापीठाच्या एहसान मिरसईदी आणि पीटर रिग्बी यांचा २०२० चा शोधनिबंध याच पेचाबद्दल आहे. रिव्ह्यू नेहमी जाणकारालाच दिला, तर त्याचं ज्ञान वाढत जातं, पुढचाही रिव्ह्यू त्यालाच मिळतो आणि तो नोकरी सोडून गेला की त्या फाइली समजणारं कुणी उरत नाही. त्यांनी सुचवलेली पद्धत आधी पाहते, की या फाइली किती जणांना कळतात. मोजक्यांनाच कळत असतील तर शिकू शकेल असा माणूस निवडायचा, पुरेशा जणांना कळत असतील तर जाणकार. भार आणि ज्ञान या दोन्हींचं वाटप एकत्रच करावं लागतं, हे त्यातून स्पष्ट होतं.

एक मर्यादा मात्र कोणतीही सेटिंग ओलांडत नाही. यंत्रणा रिव्ह्यू मोजते, श्रम मोजत नाही. दहा ओळींची दुरुस्ती आणि आठशे ओळींचा बदल तिच्या हिशेबात एकेकच. एका बैठकीत २०० ते ४०० ओळींपलीकडे नीट वाचलं जात नाही, हे या क्षेत्रात फार पूर्वीपासून मानलं गेलं आहे. तेव्हा मोठे बदल तोडून पाठवण्याचा आग्रह धरणं, हेही भार वाटण्याचंच काम आहे.

टीम चालवणाऱ्यांना एवढीच विनंती, की वरचा आकडा या आठवड्यात काढा आणि यादीत सर्वांत वर ज्यांची नावं येतील, त्यांच्या पुढच्या महिन्याच्या कामातून तेवढे तास आधी वजा करा. फाइल नंतर सावकाश बदला.