वरदान की बारदान? तुर्भ्यातल्या एका भिंतीवरची अक्षरं

ज्यांना कानात हेडफोन घालायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोललेलं थोडं नीट करून लिहिलंय, पण फार नाही.

आधी माफी. मागच्या एका भागात मी तुम्हाला छातीठोकपणे सांगितलं होतं की, तुर्भे गाव आणि बाजार समिती यांच्या मधल्या एका गल्लीत, जुन्या गोदामाच्या भिंतीवर, ‘वरदान’ नावाच्या कुठल्यातरी कंपनीची रंगवलेली जाहिरात आहे. मी तर त्यावरून टॉनिक असेल, खत असेल असे अंदाजही बांधले. दोन दिवसांनी एका निवृत्त माथाडी काकांचा व्हॉइस मेसेज आला. एकच वाक्य. “बाळा, त्या गल्लीत वरदान कसलं, बारदान असणार ते!”

बारदान म्हणजे माल भरायची गोणपाटाची पोती. १९८०च्या दशकापासून मुंबईतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने इकडे आले, आणि जिथे कांदा-बटाटा-धान्य तिथे पोती आलीच. रिकामी झालेली पोती गोळा करायची, शिवायची, पुन्हा विकायची, हा स्वतंत्र धंदा. म्हणजे काकांचं म्हणणं पटण्यासारखं होतं. पण पटणं वेगळं आणि भिंतीवर तसं लिहिलेलं असणं वेगळं. काका दुसऱ्याच भिंतीबद्दल बोलत असतील तर? शिवाय मी पुन्हा गेलो तेव्हा भिंतीवर खडूने खुणा केलेल्या दिसल्या. पानटपरीवाला म्हणाला, पुढच्या आठवड्यात रंग मारणार आहेत. म्हणजे तपासायचं तर लगेच.

आता भिंत कशी आहे ते सांगतो. डोळ्यांसमोर आणा. डावीकडे उघड्या विटा, उजवीकडे गिलावा, म्हणजे प्लास्टर, तोही पोपडे सुटलेला. अक्षरं निळ्या ऑइल पेंटची, त्यांच्या मागे कधीतरी चुन्याचा पांढरा हात मारलेला. सगळ्यात मोठी ओळ मी वाचलेली, ‘वरदान’. तिच्याखाली लहान अक्षरांत ‘जुने व नवे’, आणि त्याखाली गावाचं नाव, जे मला ‘तुर्मे’ असं दिसत होतं. हां, तुर्मे. हसू नका, तिथेच सगळी गोम आहे.

विटांची भिंत अक्षरं कशीही मोडत नाही. तिची एक सवय असते. वीट आपली टिकते, आधी जातो तो दोन थरांमधला सांधा. भिंतीतली ओल सांध्यातून बाहेर पडते, येताना क्षार आणते, आपण म्हणतो ना लोणा लागला, तेच. क्षारांमुळे सांध्यातला माल भुसभुशीत होतो आणि विटांच्या कडा झडतात. मुळात एक सेंटीमीटरचा सांधा, त्याची तीन सेंटीमीटरची चर होते. मी टेप लावून दहा थर मोजले तर ८५ सेंटीमीटर भरले. म्हणजे दर साडेआठ सेंटीमीटरवर एक आडवी चर. या भिंतीवर अक्षर जिथे जिथे बरोबर या अंतराने तुटलंय, तिथे तो अक्षराचा आकार नाही, ती भिंत आहे.

आता देवनागरीकडे बघा. आपल्या लिपीत सगळ्यात लांब आडवी रेघ कुठली? शिरोरेषा. पेंटरने ती नेमकी सांध्यावर ओढली असेल तर ती जवळजवळ अख्खी चरीत जाते. आणि शिरोरेषा गेली की ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला मुख्य फरकच जातो, कारण म वर रेघ सलग असते आणि भ वर ती डावीकडे तुटलेली असते. ‘घ’ आणि ‘ध’चंही तेच. म्हणून माझं तुर्भे तुर्मे झालं होतं. अशा वेळी रेघ शोधत बसायचं नाही, भ च्या डाव्या टोकाची छोटी वळलेली गाठ शोधायची. ती विटेच्या अंगावर असते, सांध्यावर नाही. इथे ती होती, फिकट पण होती.

उभ्या रेघांचं नशीब बरं असतं. बांधताना वरच्या थरातला उभा सांधा खालच्या थरातल्या सांध्यावर येऊ देत नाहीत, त्यामुळे उभ्या सांध्याने एखादा काना खाल्ला तरी एका थरापुरता. पुढच्या थरात तो परत दिसतो. तिरक्या रेघाही बऱ्यापैकी वाचतात, कारण त्या सांध्याला धरून जात नाहीत, ओलांडून जातात.

आणि आपल्याला पाहिजे होती ती तिरकीच रेघ. ‘व’च्या पोटात तिरकी रेघ मारली की ‘ब’. माझ्या फोटोत त्या पोटात दोन फिकट डाग होते आणि मी त्यांना ओलीचे डाग समजून सोडून दिलं होतं. तिथे कधीतरी पोस्टर चिकटवून नंतर ओरबाडलेलं, खळीसकट रंगाचा वरचा थर गेलेला.

या वेळी दोन प्रकारचे फोटो काढले. पहिला सकाळी, ढगाळ उजेडात, भिंतीसमोर अगदी सरळ उभं राहून. सपाट उजेडात सावल्या नसतात, फक्त रंग दिसतो. मग फोनच्या एडिटरमध्ये तो ब्लॅक अँड व्हाइट केला आणि लाल रंगाचा फिल्टर लावला. लाल फिल्टरमध्ये वीट उजळते आणि निळा रंग काळा पडतो, म्हणजे निळं अक्षर विटेपासून सुटं होतं. (अक्षरं लाल असती आणि खाली उघडी वीट, तर ही युक्ती कामाची नाही. लालावर लाल, काय वेगळं करणार?) नंतर तोच फोटो स्क्रीनवर अंगठ्याच्या नखाएवढा लहान करून बघितला. लहान केल्यावर विटांची खरखर मिटते आणि मोठे आकार उरतात. दोन डाग एका तिरप्या रेषेत आले.

पण रेषेत येणं हा पुरावा नव्हे, ओलही तिरकी पसरू शकते. म्हणून दुसरा फोटो रात्री. मित्राच्या फोनचा टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून, डाव्या बाजूने प्रकाश टाकला. वरून टाकायचा नाही, वरून टाकला की प्रत्येक आडव्या चरीत सावली भरते आणि नसलेल्या शिरोरेषा दिसायला लागतात. मागच्या वेळी मी भर दुपारी गेलो होतो, ऊन वरून भिंतीला घासत होतं, हीच चूक. ऑइल पेंटला जाडी असते. रंग उडाला तरी पातळ पापुद्रा विटेवर उरतो आणि आडव्या उजेडात त्याची कड सावली टाकते. ओलीच्या डागाला कड नसते. त्या दोन्ही डागांना कड होती, सरळ आणि समांतर, ब्रशच्या रुंदीची.

मित्र म्हणाला, “झालं ना, ब आहे. चल चहा घेऊ.”

झालं नव्हतं. कारण मग शब्द ‘बरदान’ होतो. बारदानला काना लागतो, आणि तिथे कान्याचा मागमूस नव्हता. ब आणि र यांच्या मध्ये तळहाताएवढी रुंद सिमेंटची उभी पट्टी होती, भेग बुजवलेली. तिच्याखालचं काही दिसणं शक्यच नाही.

इथे मदतीला आला तो पेंटरच. हाताने अक्षरं रंगवणारा माणूस अंतर सांभाळतो, नाहीतर ओळीच्या शेवटी जागा पुरत नाही. मी इतर अक्षरांमधली अंतरं मोजली. काना नसेल तिथे एका अक्षराच्या दांड्यापासून पुढच्यापर्यंत साधारण २६ सेंटीमीटर. ब आणि र मध्ये ४०. चौदा सेंटीमीटर जास्त. आता याच शब्दात ‘दा’ आहे आणि त्याचा काना शाबूत आहे. त्याने किती जागा घेतलीय? १३. त्याच माणसाच्या हाताचं माप, त्याच ओळीतलं. पट्टीखाली काना आहे असं म्हणायला मला एवढं पुरे.

शेवटचा ‘न’ अर्धाच होता. त्याची गाठ विटेवर आणि दांडा गिलाव्यावर, पण गिलाव्याचा तो तुकडा पडलेला. गिलावा पडला की त्यावरचं अक्षर कायमचं जातं, कुठलाही फिल्टर ते आणत नाही. पण गाठ विटेवर कशी आली, ती आधी गिलाव्यावर का नव्हती? यासाठी तुटलेल्या कडेकडे बघायचं. ‘न’च्या वरच्या बाजूला निळा रंग गिलाव्यावरून कडेवर उतरून खाली विटेवर गेला होता. म्हणजे तिथला गिलावा जाहिरातीच्या आधीच पडला होता, पेंटरने खाचेतूनच ब्रश नेला. खालच्या बाजूला कड कोरी, आतली वाळू दिसणारी, तिच्यावर रंगाचा थेंब नाही. ते पडणं नंतरचं. म्हणजे जाहिरात आली तेव्हाच ही भिंत अर्धी सोललेली होती.

आणि जाहिरात कधीची? सगळ्यात खाली फोन नंबर होता, सात आकडी, ७६ ने सुरू होणारा. मुंबई-नवी मुंबईच्या लँडलाइनना २००२ साली पुढे २ लागून ते आठ आकडी झाले. नंबरच्या आधी, जागा नसताना कोंबलेला, एक २ होताच, पण लाल रंगात आणि वेगळ्याच हाताचा. म्हणजे मूळ जाहिरात २००२ च्या आधीची, आणि नंबर बदलल्यावरही पोतीवाल्याचा धंदा चालू होता. नाहीतर एका आकड्यासाठी पुन्हा ब्रश कोण आणेल?

काकांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर, “मी काय म्हणालो होतो.” प्रश्नचिन्हही नाही.

रंग खरंच पुढच्या आठवड्यात मारला. आता तिथे फिकट पिवळी भिंत आहे. दिवसा काही दिसत नाही. परवा रात्री तिकडून जाताना सवयीने टॉर्च भिंतीला टेकवला, डाव्या बाजूने. पिवळ्याच्या खाली ‘ब’ची तिरकी रेघ दोन तुकड्यांत उठून दिसली, मध्ये सांध्याची चर.