दाराशी उच्चारलेले वाक्य

आषाढातली ती नोंद आज कार्तिकात पुन्हा वाचताना प्रथम हे जाणवते, की निद्रानाशाची तक्रार घेऊन आलेल्या त्या तिशीतल्या बाईंनी बालपणी एका आप्ताकडून झालेल्या लैंगिक अत्याचाराचा उच्चार केला तो तासाच्या अखेरीस, पर्स उचलून उभ्या राहिल्यावर, आणि तोही एकाच वाक्यात. असे कथन पुष्कळदा दाराशीच होते, कारण तेथे निघून जाण्याची मोकळीक सांगणाऱ्याच्या हाती असते. म्हणून मी तपशील विचारला नाही. सांगितले ते ऐकले आहे, उरलेले आज सांगण्याची निकड नाही, एवढेच म्हटले. त्यांचा श्वास उथळ झाला होता व नजर भिंतीवर खिळली होती, तेव्हा पावले जमिनीवर नीट टेकवून खोलीतील पाच वस्तूंची नावे घ्यावयास सांगितली, आणि रात्री घरी सोबतीस कोण आहे हे विचारून मगच त्यांना निरोप दिला.

आघातातून सावरण्याचे जुडिथ हर्मन यांनी १९९२ साली मांडलेले टप्पे, म्हणजे आधी सुरक्षितता, मग स्मरण व शोक, आणि शेवटी जगाशी पुन्हा नाते, मला मुखोद्गत होते. पण पर्यवेक्षणात जे हाती लागले ते निराळेच. हा प्रसंग मी पर्यवेक्षिकाबाईंसमोर काढला तोही आमच्या तासाची पाचच मिनिटे उरली असताना. त्या किंचित हसून म्हणाल्या, "तुम्हीही दाराशीच सांगितलेत की!" समुपदेशनाच्या खोलीतले नाते पर्यवेक्षणाच्या खोलीत नकळत उमटते, हे हॅरल्ड सर्ल्स यांनी १९५५ मध्येच नोंदविले होते, पण त्या बाईंची भीती मी किती दिवस अंगावर वागवीत होते, याचा उलगडा मला त्या हसण्याने झाला, ग्रंथाने नव्हे.

त्यानंतर नोंदवहीचे स्वरूपच पालटले. जबानीसारखी हकिगत लिहिण्याऐवजी आवाज कोठे अडला, हात केव्हा गार पडले, बोलणे अकस्मात सपाट व परक्याचे वाटू लागले ते कोणत्या शब्दानंतर, हे मी टिपू लागले. कारण असा सपाटपणा शांततेसारखा दिसला तरी तो बधिरपणा असू शकतो, व तेथे पुढे न जाता थांबावयाचे असते. अवघड विषय तासाच्या पूर्वार्धातच घ्यावा आणि अखेरची पंधरा मिनिटे सावरण्यास राखावी, असेही त्या बाईंशी बोलून ठरले.

भाद्रपदात त्यांनी ओघात सांगितले, की त्या आप्ताच्या घरी आता लहान नात आहे. २०१२ चा पॉक्सो कायदा त्यापूर्वीच्या कृत्यांना लागू होत नाही. मात्र एखाद्या बालकावर असा अपराध होण्याची आशंका असल्यास कलम १९ अन्वये पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे, आणि गोपनीयतेची ही मर्यादा मी पहिल्याच भेटीत सांगितली होती. पर्यवेक्षिकाबाईंचा आग्रह असा, की कळवावयाचे ते त्या बाईंना आधी सांगून, शक्य तर त्यांच्या समक्ष. तसेच केले. त्या पुढच्या भेटीस आल्या नाहीत. त्यापुढच्या भेटीस आल्या, आणि बसल्याबरोबर बोलू लागल्या.