एक जूनला जन्मलेले गुरुजी

ग्रामीण महाराष्ट्रातल्या एखाद्या जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर उघडलं, तर जन्मतारखेच्या रकान्यात १ जून पुन्हा पुन्हा भेटतो. घरी जन्माची नोंद नसायची. पोर सहा वर्षांचं दिसलं की शाळा सुरू होताना गुरुजी तारीख लिहून मोकळे व्हायचे. पुढे त्यातलीच काही मुलं शिक्षक झाली आणि ५८ वर्षं पूर्ण झाल्यावर, नियमाप्रमाणे आदल्या दिवशी, ३१ मे रोजी निवृत्त झाली. अशा गुरुजींचा मृत्युलेख ‘जन्म १ जून १९४८’ असा सुरू झाला, तर त्यातली पहिलीच तारीख कदाचित त्यांच्या गुरुजींनी अंदाजाने टाकलेली असते.

पुढचा मजकूरही ठरलेला असतो. अल्पशा आजाराने निधन, मनमिळाऊ आणि शिस्तप्रिय स्वभाव, पश्चात पत्नी, दोन मुलं, सुना, नातवंडं असा परिवार. हा मजकूर तपासायचा तर नावावर बोट ठेवून वाचावा. तो पोस्टमास्तरांनाही चालत असेल, तर गुरुजी त्यात आलेलेच नाहीत.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, एवढं सांगून त्यांचं शिक्षकपण कळत नाही. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत, एवढं एक वाक्य आलं की दिवसभर शिकवून पुन्हा मुलांसाठी लिहीत बसलेला माणूस दिसू लागतो. मृत्युलेख लिहिणाऱ्याने शोधायची ती अशी कृती.

ती सापडते प्रश्नांतून. समजा, गुरुजींनी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या गावात नोकरी केली आहे. ‘गुरुजी कसे होते?’ असं विचारलं की ‘देवमाणूस’ हेच उत्तर येतं आणि बोलणं तिथेच थांबतं. ‘दिवाळीच्या सुमाराला टोळ्या कारखान्याला निघाल्या की वर्गात किती मुलं उरायची आणि मग गुरुजी काय करायचे?’ असं विचारलं की माणसं आठवायला लागतात. कुणी सांगतं, गाडी भरायच्या आदल्या रात्री ते घरोघर फिरायचे. कुणी सांगतं, ते आईबापाशी वाद घालत नसत. आजीपाशी बसायचे आणि ‘पोरीला तुमच्यापाशी ठेवा, अभ्यासाचं मी बघतो’ म्हणायचे.

हे विचारायचं कुणाला, यावरही बरंच अवलंबून असतं. शोकसभेत पुढे येतो तो अधिकारी झालेला विद्यार्थी. त्याच्याइतकंच चौथीतून शाळा सुटलेल्याला, सोबतच्या शिक्षकाला, खिचडी शिजवणाऱ्या बाईंना आणि गुरुजींच्या पत्नीला विचारावं. गुरुजी रात्री उशिरा परतायचे तेव्हा घरचं कोण पाहत होतं, हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार? छडीचा धाकही याच लोकांकडून कळतो. अनेकांनी तो सांगितला, तर एका वाक्यात लिहावा. ‘कडक शिस्तीचे’ या शब्दांआड तो लपवू नये.

आठवणी मात्र फुगतात. ‘गुरुजी असेपर्यंत गावातलं एकही पोर उसाला गेलं नाही,’ असं कुणी छातीठोकपणे सांगेल. शाळेत जुने हजेरीपट असतील, तर मुख्याध्यापकांच्या परवानगीने दिवाळीनंतरचे महिने पाहावेत. तिथे काही नावांपुढे सलग गैरहजेरी दिसली, तर वाक्य बदलावं लागतं. पण बदललेलं वाक्यच जास्त खरं आणि जास्त बोलकं होतं:

‘दर दिवाळीला गुरुजी पालांच्या वाटेवरची मुलं मागून आणत. काही आज्यांनी ऐकलं, काहींना ते शक्य नव्हतं. गेलेल्या मुलांची नावं त्यांनी पटावरून काढली नाहीत. उन्हाळ्यात टोळ्या परतल्या की तीच मुलं ते पुन्हा ओट्यावर बसवत.’

या चार वाक्यांत स्तुतीचं एकही विशेषण नाही, तरी ती पोस्टमास्तरांना लावता येत नाहीत. लेखाचा कणा हाच. निबंध स्पर्धा, आदर्श शिक्षक पुरस्कार, पतसंस्थेचं संचालकपद यांतलं या कण्याला चिकटेल ते ठेवावं आणि बाकीचं सोडावं. स्थानिक वृत्तपत्रात तीन-चारशे शब्दांचीच जागा मिळते, त्यात दोन प्रसंग नीट सांगता आले तरी पुष्कळ. नोकरीची गावं, निवृत्तीचं वर्ष आणि परिवार शेवटच्या दोन ओळींत मावतात.

छापायला देण्याआधी मजकूर घरच्यांना वाचून दाखवावा, गावांची नावं आणि वर्षं सेवापुस्तकाशी ताडून घ्यावीत. ज्या मुलीला आजीपाशी ठेवलं होतं, ती आज कुणाची तरी सासू असेल. तिचं नाव घालायचं की नाही, हे तिलाच फोन करून विचारावं आणि ती नको म्हणाली तर ‘एक विद्यार्थिनी’ एवढंच लिहावं.