बारा सेकंदांत किती शब्द मावतात?

मागच्या हिवाळ्यात आमच्या बचत गटांनी मिळून तीन मिनिटांची एक छोटी फिल्म केली. विषय आपल्या उत्तनचा सुका बोंबील. प्रदर्शनाच्या स्टॉलवर टीव्ही लावून ती दाखवायची होती. चित्रीकरण मोबाईलवर झालं, चांगलं झालं. पुढे निवेदन लिहायला बसलो आणि तिथे आमची फजिती झाली. आज त्याबद्दलच बोलणार आहोत, कारण अलीकडे बरेच गट असे व्हिडिओ करतात आणि जवळजवळ सगळेच या एका ठिकाणी अडकतात.

आम्ही निवेदन लिहिलं ते निबंधासारखं. सगळं त्यात घातलं: कोळी समाज, समुद्र, कष्ट, बोंबलाचे गुण, गटाची स्थापना. मग आमच्यातल्या एक ताई ते वाचायला बसल्या आणि चित्र सरकत गेलं. पडद्यावर पाकिटं भरणं सुरू झालं, तरी ताई अजून बोंबील धुण्यापाशीच होत्या. फिल्म संपली आणि वाचायचं बरंच शिल्लक राहिलं.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच आम्ही केला. ताईंना म्हटलं, भराभर वाचा. त्यांनी वाचलं, पण ऐकताना वाटलं की कोणी गाडी चुकू नये म्हणून धावतंय. वाक्याच्या शेवटची क्रियापदं गिळली जायला लागली. दुसरा उपाय म्हणून एडिटिंगच्या अ‍ॅपमध्ये आवाजाचा वेग सव्वापट केला. त्यात श्वासही सव्वापट वेगाने धावतात आणि जोडाक्षरं एकमेकांवर चढतात. तेव्हा कुठे लक्षात आलं की दोष आवाजात नाही, कागदावर आहे. लिहिण्याआधी मोजायला हवं होतं.

मोजायचं काय, तर आपल्या वाचणाऱ्या बाईचा मिनिटाला किती शब्दांचा वेग आहे ते. इंग्रजी पुस्तकांत मिनिटाला साधारण दीडशे शब्द असा आकडा दिलेला असतो. तो आपल्याला लागू नाही. इंग्रजी शब्द आखूड असतात. आपण 'किनाऱ्यावर' असा एकच शब्द म्हणतो, त्यात इंग्रजीचे तीन शब्द असतात. हिंदीचंही तसंच आहे. आपण म्हणतो 'उत्तनच्या किनाऱ्यावर', हे दोन शब्द झाले. हिंदीत 'उत्तन के किनारे पर', हे चार झाले. वेळ मात्र दोन्हीला जवळपास सारखाच लागतो. मीरा रोडच्या स्टॉलसाठी आम्ही याच फिल्मचं हिंदी निवेदन केलं, तेव्हा मराठीचा आकडा तिथे लावून पाहिला आणि चुकलो. भाषा बदलली की पुन्हा मोजावं लागतं.

वेग मोजायला स्वतःच्याच निवेदनातले दोनशे शब्द घ्या. वर्तमानपत्रातला मजकूर घेऊ नका, त्याची भाषा वेगळी असते. मोबाईलवर स्टॉपवॉच लावा आणि फिल्मला जसं वाचणार तसंच, विरामांसकट, तीन वेळा वाचा. पहिलं वाचन सोडून द्या, त्यात अडखळणं असतं. उरलेल्या दोनांची सरासरी काढा. आमच्या ताईंना दोनशे शब्दांना १०९ सेकंद लागले. दोनशेला साठने गुणलं, १०९ने भागलं, तर मिनिटाला ११० शब्द आले. हा आकडा आमच्या ताईंचा आहे. तुमची बाई सावकाश बोलणारी असेल तर पंचाण्णव येईल. त्यात काही बिघडत नाही, शब्द तेवढे कमी लिहायचे.

आता फिल्मचा हिशेब. तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद, पण सगळे सेकंद निवेदनाचे नसतात. आमच्या फिल्ममध्ये सुरुवातीला ८ सेकंद होड्या आणि समुद्राचा आवाज होता. मध्ये ३२ सेकंद एक कोळीण मावशी स्वतः बोलतात. शेवटी १२ सेकंद गटाचं नाव आणि पत्ता. हे ५२ गेले, उरले १२८. त्यात निवेदनाची आठ दृश्यं होती. प्रत्येक दृश्याच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक सेकंद मोकळा सोडला. चित्र बदललं की डोळ्याला ते ओळखायला क्षणभर लागतो, त्याच क्षणी कानावर शब्द आला तर दोन्ही निसटतात. म्हणजे आणखी १६ सेकंद गेले. राहिले ११२ सेकंद, आणि ११०च्या वेगाने त्यात मावतात साधारण २०५ शब्द. आम्ही लिहिले होते ३५२! नुसते ते वाचायलाच तीन मिनिटं बारा सेकंद लागतात, फिल्मपेक्षाही जास्त.

पण एकूण शब्द कमी करून भागत नाही. हिशेब दृश्यागणिक करावा लागतो, नाहीतर बेरीज जुळते आणि तरी चित्र एक बोलतं, आवाज दुसरं. आमचं एकच दृश्य घेऊन सांगतो. एक मावशी दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवते आणि ती जोडी वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, टांगते. दृश्य १२ सेकंदांचं. पुढचा मागचा सेकंद सोडून १० उरतात, म्हणजे अठरा शब्द. आम्ही लिहिलं होतं ते असं:

"उत्तनच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या कोळी भगिनी पिढ्यानपिढ्या अत्यंत कष्टाने आणि कौशल्याने ताजे बोंबील स्वच्छ धुऊन घेतात आणि त्यानंतर एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्या बोंबलाचा जबडा अडकवून त्यांची जोडी तयार करून ती बांबूच्या वलांडीवर सुकण्यासाठी टांगतात."

मोजा, तेहतीस शब्द आहेत. अठरा सेकंद लागतात. पण खरी गडबड लांबीपेक्षा वेगळीच आहे. पडद्यावर जबडा दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला दिसतो. वाक्यात 'जबड्यात' हा शब्द विसावा आहे, म्हणजे तो ऐकू येतो अकराव्या सेकंदाला, चित्र संपता संपता. मराठीत मुख्य क्रिया वाक्याच्या शेवटी येते. कोण, कुठे, कसं हे आधी सांगत बसलो की काय केलं ते सांगेपर्यंत हात थांबलेले असतात. म्हणून फिल्मच्या निवेदनात वाक्य लहान हवं, आणि जी वस्तू चित्रात आधी दिसते तिचं नाव वाक्यात आधी हवं.

बरंच काही खोडल्यावर हे उरलं:

"जबड्यात जबडा अडकवायचा, की झाली जोडी. ना गाठ, ना खिळा. अशी जोडी मासा वाळेपर्यंत वाऱ्यावर टिकते."

सोळा शब्द, जेमतेम नऊ सेकंद. पहिलाच शब्द 'जबड्यात', आणि तेव्हाच जबडा दिसतो. बाई कोळीण आहे, किनारा आहे, बांबू आहे, हे सगळं डोळ्यांना दिसतंच आहे, ते कानाला कशाला सांगायचं? बोंबील धुण्याचं वाक्य धुण्याच्या दृश्यात गेलं. 'अत्यंत कष्टाने' हे शब्द काढताना एका सदस्येला वाईट वाटलं. आम्हालाही वाटलं. पण मावशींची बोटं पाहिली की कष्ट कळतात.

शब्द मोजण्याला एक मर्यादा आहे. 'ना गाठ, ना खिळा' हे चार शब्द आणि 'उत्तनच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या भगिनी' हेही चारच. पहिल्यात सहा अक्षरं, दुसऱ्यात सोळा. सबंध फिल्मला हा फरक आपोआप सरासरीत बसतो, पण पाच-सहा सेकंदांच्या दृश्यात बसत नाही. अशा लहान दृश्याला शब्दांवर विसंबू नका, घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहा. मनात वाचलेलं नेहमी कमी वेळाचं निघतं.

आकड्यांनी तर आम्हाला चांगलंच फसवलं. उत्तनजवळच्या धारावी किल्ल्याचं एक दृश्य होतं, त्यावर चिमाजी अप्पांच्या मोहिमेचं साल '१७३९' लिहिलं होतं. कागदावर तो एक शब्द, तोंडात 'सतराशे एकोणचाळीस', दहा अक्षरं. त्याहून गंमत म्हणजे पाकिटाच्या दृश्यावर कोणीतरी अन्न परवान्याचा नंबर घातला होता. तो चौदा आकडी असतो. मोजणीत एक शब्द धरला गेला आणि वाचताना चौदा झाले, साडेसात सेकंद त्यातच गेले. शिवाय ऐकून तो लक्षात कोण ठेवणार? नंबर पाकिटावर छापलेला आहेच, निवेदनातून काढून टाकला. निवेदन लिहिताना आकडे अक्षरांतच लिहा, म्हणजे मोजणी खरी येते.

हे दुखणं आपल्या मुंबईत जुनंच आहे. १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं, तिथले माहितीपट अनेक भारतीय भाषांत निघायचे. चित्र एकच आणि आवाज प्रत्येक भाषेचा. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट धावते, म्हणजे फुटांवरून वेळ काढता येई. चित्र सगळ्या भाषांना सारखंच, तेव्हा जुळवून घ्यायचं ते शब्दांनीच.

आणखी एक सवय आम्हाला मोडावी लागली, ती आपल्या या रेडिओची. इथे बोलताना पाच सेकंद गप्प बसलो तर तुम्हाला वाटेल स्टेशन बंद पडलं. म्हणून आम्ही फिल्ममध्येही प्रत्येक फट शब्दांनी भरत होतो. फिल्ममध्ये गप्प बसलं तरी चित्र बोलत असतं.

पक्कं ध्वनिमुद्रण करण्याआधी आम्ही मोबाईलवर कच्चा आवाज भरला, प्रत्येक दृश्याची वेगळी फाईल, तिला दृश्याचा क्रमांक. एक दृश्य चुकलं तर सगळं पुन्हा वाचावं लागत नाही. तो कच्चा आवाज चित्राखाली लावला आणि ज्यांनी निवेदन लिहिलं नव्हतं अशा दोघींना दाखवला. विचारलं, काय पाहिलं ते सांगा. ज्या दृश्याबद्दल त्या चित्रातलं सांगत होत्या आणि निवेदनातलं काहीच नाही, तिथे शब्द जास्त झालेत हे समजलं. अशी दोन दृश्यं निघाली. एकात शब्द कमी केले. दुसऱ्यात खारवण्याचं प्रमाण होतं, ते तोडता येईना, म्हणून तिथे उलट केलं: आणखी चार सेकंदांचं चित्रीकरण जोडलं आणि ते शेवटच्या पाटीतून कमी केले. शब्द अडला तर चित्र वाढवताही येतं, फक्त ते एडिटिंग पक्कं होण्याआधी ठरवावं लागतं.

शेवटी फिल्ममध्ये १८७ शब्द राहिले. २०५ मावत होते, तरी अठरा आम्ही भरले नाहीत. वलांडीवर बोंबील वाऱ्याने हलतात त्या दृश्यावर एकही शब्द नाही, नुसता वारा ऐकू येतो. स्टॉलवर लोक नेमके तिथेच थांबत होते.