पथक सोडताना वाद्यांचा हिशोब आणि घेतलेल्या सुपाऱ्या

मागच्या आठवड्यात एका गावातून फोन आला. पाच जणींचं भक्तिगीत-भारुडाचं पथक, त्यातली कीबोर्ड वाजवणारी ताई निघाली. नवऱ्याला चाकणला काम लागलं, बिऱ्हाड तिकडं हलणार. भांडण काहीच नव्हतं, पण हिशोबाला बसल्या आणि दोन तासांत एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. ताईचं म्हणणं, "सत्तर हजारांचं सामान घेतलं, पाचात चौदा हजार माझे." बाकीच्या म्हणाल्या, "सोडून जाणारीला कसले पैसे? उलट ऐन नवरात्रात आम्हाला अडचणीत टाकलं." आम्ही दोघी वही घेऊन गेलो. तिथं जे झालं तेच आज सांगतो, कारण बँजो पार्टी असो की भजनी मंडळ, घोळ याच दोन जागी होतो.

आधी सामान कुणाचं ते पाहिलं. बचत गटाच्या नावावर घेतलेलं सामान गटाचं असतं, तिथं गटाचे नियम चालतात. इथं तसं नव्हतं. पाच जणींनी सहा-सहा हजार घातले होते आणि गटातून ४०,००० कर्ज उचललं होतं. कमाई सारखी वाटून घेत होत्या. कागद केला नसला तरी असा धंदा कायद्याच्या नजरेत भागीदारी ठरतो. मुदत ठरलेली नसेल तर भागीदाराला बाकीच्यांना लेखी नोटीस देऊन बाहेर पडता येतं. भागीदारीचा कायदा १९३२ चा आहे आणि तो अशा छोट्या पथकालाही लागू पडतो. म्हणजे "जाणारीला काही नाही" हे चूक.

पण चौदा हजारही चूक. तीन वर्षं वापरलेल्या सामानाला खरेदीची किंमत कुणी देत नाही. तालुक्याच्या वाद्याच्या दुकानात दोन जणी गेल्या, एक जाणारीच्या बाजूची आणि एक राहणाऱ्यांच्या. जुना माल आज कितीला घ्याल, एवढंच विचारलं. कीबोर्डचे १३,०००, दोन स्पीकरचे १५,०००, मिक्सरचे ४,५००, माईक आणि स्टँडचे २,०००, ढोलकी-टाळांचे ३,५००. सगळे मिळून ३८,०००. कीबोर्डच्या दोन पट्ट्या अडकतात, म्हणून दुकानदारानं हजार कमी धरले होते. जाणारीनं घरून आणलेला हार्मोनियम यादीत घातला नाही. तो तिचा स्वतःचा, वाटणीत येतच नाही.

मग डबा उघडला. आत ९,००० रुपये. सगळ्यांना वाटलं ही कमाई. पण त्यातले ६,००० तीन कार्यक्रमांचा विसार होता, दोन-दोन हजार. कार्यक्रम झालेला नाही तोवर विसार आपला नसतो. कार्यक्रम मोडला तर तो परत करावा लागू शकतो. हे बहुतेक पथकांत चुकतं, म्हणून विसाराची पाकिटं वेगळी ठेवा आणि वर तारीख लिहा. म्हणजे पथकाचे खरे पैसे ३,०००. सामानाचे ३८,००० त्यात मिळवले, कर्जाचे बाकी १०,००० वजा केले, राहिले ३१,०००. पाचात प्रत्येकी ६,२००. आकडा ऐकून ताई जरा वेळ गप्प बसली. पण प्रत्येक किंमत तिच्या माणसानंच विचारून आणलेली होती, म्हणून तिनं मान्य केलं.

कर्जाचं एक लक्षात ठेवा. उरलेले १०,००० चौघींनी फेडायचे हे त्यांच्यात ठरलं, पण तेवढ्यानं जाणारी सुटत नाही. कर्ज देणाऱ्यानंही मान्य करावं लागतं. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत ठराव लिहून घेतला की तिची जबाबदारी संपली.

आता सुपाऱ्या. आम्ही सांगितलं, विसार घेतलेल्या आणि नुसतं "ताई, बघू हं" म्हटलेल्या तारखा वेगळ्या करा. पहिल्या निभवाव्याच लागतात. दुसऱ्या ज्यांनी विचारल्या होत्या, त्यांना फोन करून पथकात बदल झाल्याचं सांगायचं. विसाराच्या तारखा तीन होत्या. नवरात्रातली तिसरी माळ, कोजागिरी आणि दिवाळीनंतरचं एक डोहाळजेवण.

इथं प्रश्न असतो, बोलावणाऱ्यानं पथकाला बोलावलं की त्या बाईला? पथकाला बोलावलं असेल तर दुसरी वाजवणारी चालते. तिच्यासाठीच बोलावलं असेल तर तिनंच यायला हवं. करार कायद्याचंही तसंच म्हणणं आहे. म्हणून तिन्ही यजमानांना विचारलं. देवीच्या मंडळाला आणि कोजागिरीवाल्यांना फरक पडत नव्हता. डोहाळजेवणाच्या सासूबाई मात्र म्हणाल्या, "ती बाई ओव्या म्हणते, ती आम्हाला पाहिजे." ताई त्या दिवशी येणार असं ठरलं. तिला तिचा वाटा आणि एस.टी.चं भाडं मिळेल.

उरलेल्या दोन कार्यक्रमांना शेजारच्या गावातली एक पोरगी घेतली. सुपारी ८,००० ची, गाडीचे १,५०० गेले की ६,५०० राहतात, प्रत्येकीला १,३००. पोरीनं मागितले २,०००. म्हणजे कार्यक्रमामागं ७०० जास्त. ते कुणी सोसायचे? यावर चहा थंड झाला. शेवटी असं ठरलं की नवीन माणसाला गाणी बसवायला तीन आठवडे लागतात. तेवढ्या आधी सांगितलं असेल तर भार पथकाचा, नाही तर जाणारीचा. ताईनं तिसऱ्या माळेच्या बारा दिवस आधी सांगितलं होतं, म्हणून तिचे ७०० तिच्या हिशोबातून गेले. कोजागिरीला चोवीस दिवस होते, ते पथकानं सोसले. राहिले ५,५००. डब्यातले ३,००० लगेच दिले आणि २,५०० कोजागिरीनंतर द्यायचं लिहून दिलं. तुमच्या पथकात मुदत महिनाभराची ठेवा, आमचं काही म्हणणं नाही, पण आत्ताच ठरवा.

कीबोर्ड पथकाकडंच राहिला. ताईला तो हवा होता, पण १३,००० चा कीबोर्ड न्यायचा तर वरचे पैसे तिनंच भरायचे होते, शिवाय नव्या पोरीला वाजवायला काही उरलं नसतं. ताईकडून आम्ही एक मात्र मागून घेतलं, गाण्यांची वही. कोणतं गाणं काळी चार मध्ये, कोणतं पांढरी पाच मध्ये, ठेका कोणता, मधलं संगीत कुठं येतं, सगळं तिच्या डोक्यात होतं. दोन दुपारी बसून तिनं ते लिहून दिलं, आणि कीबोर्डमध्ये साठवलेले सूर पेन ड्राइव्हवर घेतले. हे न करता नवी पोरगी पहिल्या कार्यक्रमाला उभी राहिली असती, तर गायिका एका पट्टीत आणि कीबोर्ड दुसऱ्या पट्टीत.

पैसे लांबवू नका, कारण त्याचाही भार आहे. हिशोब न करता सामान वापरत राहिलात, तर जाणारीला तिच्या वाट्यावर झालेल्या नफ्यातला हिस्सा किंवा वर्षाला सहा टक्के व्याज, दोन्हींतलं एक मागता येतं. ६,२०० वर ते महिन्याला ३१ रुपये होतात. रक्कम लहान आहे, पण हक्क तिचा आहे.

सगळं एका कागदावर आलं, पाचही जणींच्या सह्या आणि गटाच्या अध्यक्षांची साक्ष. सामानाची यादी, किमती, तीन तारखा आणि प्रत्येक तारखेला कोण वाजवणार ते. राहिला एक विषय, पथकाच्या फलकावरचा मोबाईल नंबर. तो ताईचा होता! देवीच्या आणि गणपतीच्या मंडळांना, लग्न-हॉलवाल्याला निरोप गेला की यापुढं सुपारी अमुक नंबरवर, ताईकडं विसार देऊ नये. हे न कळवता कुणी तिच्या हाती विसार दिला असता, तर पथकालाच उत्तर द्यावं लागलं असतं. फलक रंगवायला अडीचशे रुपये लागले. ते कुणी द्यायचे यावर पुन्हा थोडी चर्चा झाली, आणि ढोलकीवाल्या काकूंनी पदराची गाठ सोडली.